न टोचलेली लस

मिस्त्रींना खोटं बोलता येत नाही, असं त्यांच्या कामावरचा कुणीही शपथेवर सांगेल. लिफ्ट बंद पडली की इमारतीचे मालक हात चोळत विचारायचे, "मिस्त्री, तासाभरात होईल ना?" दुसरा कुणी असता तर "होईल की" म्हणून वेळ मारून नेली असती. मिस्त्री पान्हा पुसत म्हणायचे, "आज नाही व्हायची. जिन्यानं चढा, पोटं उतरतील." लोक चिडायचे, पण पुढच्या वेळी बोलावणं त्यांनाच यायचं. असा हा तोंडावर बोलणारा माणूस एका बाबतीत मात्र वर्षानुवर्षं धडधडीत खोटं बोलत आला होता, आणि तेही कुणाशी? जन्मदात्या आईशी.

ही आई राहायची लांब, समुद्रापलीकडे, नदीकाठच्या एका गावात, मिस्त्रींच्या धाकट्या भावाजवळ. त्या गावात मलेरिया असा, की अंगणात कुणी हुडहुडत बसलं असलं तर येणाजाणारा "काय, चढला का?" एवढंच विचारून पुढे जायचा. आईची चार लेकरं. त्यातली मधली दोन एकाच वर्षात तापानं गेली. तेव्हा आईनं थोरल्याला, म्हणजे आपल्या मिस्त्रींना, त्यांच्या मामाबरोबर लांब शहरात धाडून दिलं. पोरगं पायाला मिठी मारून रडत होतं, तरी ती बधली नाही. "इथं राहिलास तर तो तुलाही नेईल," म्हणाली. तो म्हणजे ताप. पोरगं गेलं, शिकलं, कामाला लागलं, लग्न झालं. मधे दोनदा गाठीभेटी झाल्या त्याही आईनंच धाकट्याबरोबर इकडे येऊन. तिकडे कधी येऊ का म्हटलं की ती म्हणायची, "कशाला? तिथं बरा आहेस ना?"

पण तिच्या जिवाला घोर असायचाच. फोनवर मिस्त्री साधे शिंकले तरी ती आठवडाभर जेवायची नाही. म्हणून घरात एक कायदाच झाला होता : आईला कळू द्यायचं नाही. सर्दी कळू द्यायची नाही, पाय मुरगळलेला कळू द्यायचा नाही. आणि मग एका वर्षी मिस्त्रींच्या डोळ्यांच्या पापण्या खाली यायला लागल्या. जेवताना घास चावता चावता जबडा थकायचा, हातातून पान्हा निसटायचा. तपासण्या झाल्या. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते, तिच्यावर गाठ निघाली. डॉक्टरांनी छाती उघडून ग्रंथीसकट गाठ काढली. तेवढे दिवस आईला सांगितलं, "लांबच्या कामावर गेलेत, तिथं फोन लागत नाही." बायकोनं सांगितलं, शाळकरी लेकीनं सांगितलं, आणि पुढे बरं होऊन स्वतः मिस्त्रींनी हसत हसत सांगितलं, "काय सांगू आई, काय भंगार लिफ्ट होती!" पापण्या उचलल्या गेल्या, जबडा चालू लागला, गळ्यापासून खाली गेलेला व्रण सदऱ्याच्या गुंड्यांमागे गेला. पुढे पुढे तर हे तिघं आपसातही त्या गोष्टीबद्दल बोलेनासे झाले. खोटं इतकं अंगवळणी पडलं, की ते खोटं आहे हेही विसरायला झालं.

आणि मग आईचे डोळे गेले. अगदी पूर्ण नाहीत, पण माणूस समोर आला तर सावली दिसायची, तोंडावळा दिसायचा नाही. जन्मभर "येऊ नकोस" म्हणणारी बाई एका रविवारी फोनवर म्हणाली, "मोठ्या, एकदा येऊन जा रे. डोळे गेले, आता हातानं तरी तुझं तोंड बघते."

मिस्त्रींनी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. बायकोला कळलंच. ती फक्त म्हणाली, "तिकिटं काढा." जायचं ठरलं ते मिस्त्रींनी, बायकोनं, लग्न झालेल्या लेकीनं आणि तिच्या तीन वर्षांच्या पोरानं. पोराचं नाव काहीही असो, घरात त्याला बोका म्हणत, कारण दूध दिसलं की त्याला दुसरं काही सुचायचं नाही. जावयाला सुटी नव्हती.

लेक पहिल्यापासून व्यवस्थित. ती म्हणाली, "बाबा, अजून दोन महिने आहेत तोवर लशींच्या दवाखान्यात जाऊन येऊ. काही लशींना वेळ लागतो."

"तुम्ही घ्या टोचून," मिस्त्री म्हणाले. "मी तिथला आहे. तिथले डास मला नावानं ओळखतात."

"ओळख ठेवायला तुम्ही किती वर्षांत गेलाय तिकडे?" बायको म्हणाली, आणि विषय संपला.

दवाखाना सरकारी इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर होता. तिथली लिफ्टही मिस्त्रींच्याच हाताखालची. वर जाताना त्यांनी कान लावला आणि म्हणाले, "दार घासतंय. उद्या येऊन बघतो." स्वारी खुशीत होती. आईला भेटायचं ठरल्यापासून ते जिन्यानंही शीळ घालत चढायचे.

दवाखान्यातल्या सिस्टर अंगानं आडव्या आणि आवाजानं खणखणीत. त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून कुठलं गाव, कुठली नदी, शहरात राहणार की खेड्यात, किती दिवस, सगळं विचारून घेतलं. "पाहुणे म्हणून हॉटेलात राहणारे परवडले," त्या म्हणाल्या. "घरी जाणारे लोक फार वाईट. नातेवाईक मच्छरदाणीशिवाय झोपतात म्हणून हेही झोपतात, आणि वर मला सांगतात, आम्ही तिथलेच!"

लेक फिस्सकन हसली. मिस्त्री म्हणाले, "सिस्टर, पण लहानपणी इतके ताप काढलेत मी. त्याची काही सवय राहत असेल ना अंगाला?"

"राहते ना. तिथंच राहिलात, डास रोज चावत राहिला, तर थोडीफार राहते. गाव सोडलं की हळूहळू उतरते. तुम्ही आता या बोक्याइतकेच कोरे."

बोक्याला हे फार आवडलं. त्याला काट्यावर उभं करून वजन घेतलं, कारण पोरांच्या मलेरियाच्या गोळ्या वयावर नाही, वजनावर ठरतात. मग सिस्टरांनी एकेक करून समजावलं. खाण्यापिण्यातून होणाऱ्या काविळीची लस, टायफॉइडची लस, या आजच. पिवळ्या तापाची लसही आजच, कारण ती टोचल्यावर दहा दिवस उलटल्याशिवाय तिचा दाखला चालू होत नाही, आणि त्या दाखल्याशिवाय तिकडे विमानतळावर आत घेत नाहीत. मलेरियाला मात्र प्रवाशांना द्यायची अशी लस नाही, त्याला गोळ्या. निघायच्या आदल्या दिवसापासून रोज एक, जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर, ठरल्या वेळी. तिथं असेपर्यंत रोज, आणि परत आल्यावरही आणखी सात दिवस.

"परत आल्यावर कशाला?" बायकोनं विचारलं.

"मलेरिया सामानात येत नाही, अंगात येतो बाई. शेवटच्या दिवशी चावलेल्या डासाचाही हिशेब चुकता करायला नको? आणि ऐका, गोळ्या घेतल्या म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. संध्याकाळपासून अंगभर कपडे, उघड्या अंगाला डासांचं मलम, झोपताना औषध लावलेली मच्छरदाणी. परत आल्यावर ताप आला, अगदी काही महिन्यांनी आला, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि आल्या आल्या सांगायचं, आम्ही तिकडे गेलो होतो म्हणून. कुठं गेलो ते सांगायला विसरतात आणि डॉक्टर साध्या तापाचं औषध देत बसतात."

मग त्या प्रत्येकाला विचारत गेल्या. लेकीला, "दिवस गेलेत का? अंगावर पाजतेस का?" बायकोला, "अंड्याची ॲलर्जी? कसलं मोठं आजारपण? काही औषधं चालू?" शेवटी मिस्त्रींकडे वळल्या. "तुमचं काही ऑपरेशन, मोठं दुखणं?"

"छे!" मिस्त्री म्हणाले.

शब्द तोंडातून इतका सहज सुटला, की आपण खोटं बोललो हे त्यांना स्वतःलाही जाणवलं नाही म्हणा ना. वर्षानुवर्षं याच प्रश्नाला हेच उत्तर. बायकोनं पदराचं टोक पकडलं. लेक बोक्याच्या बुटाची नाडी बांधू लागली. तिलाही लहानपणापासून हेच शिकवलं होतं.

आतून डॉक्टरीणबाई आल्या. बारीक, शांत, चष्म्यातून नीट बघणाऱ्या. म्हणाल्या, "पिवळ्या तापाची लस जिवंत असते, म्हणून मी पुन्हा एकदा विचारते. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं नाहीत ना कुणाला? छातीत, हाडाच्या मागे थायमस म्हणून एक ग्रंथी असते. तिचा काही आजार, ती काढलेली वगैरे?"

आता मात्र काय विचारलंय ते मिस्त्रींना नेमकं कळलं. सिस्टर कुपीत पाणी सोडून लस तयार करत होत्या. मिस्त्रींच्या डोळ्यांपुढं आईचे हात आले, नखांत माती असलेले, त्यांच्या तोंडावरून फिरणारे. आणि त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नाही."

बाही वर केली. सिस्टरांनी दंड पुसला. सुई दंडाजवळ आली, आणि बायको खुर्चीवरून अशी उठली की खुर्ची मागं पडली.

"थांबा! सिस्टर, थांबा. यांची छाती चिरलेली आहे."

बोका तेवढा "आबा, खुर्ची पडली" म्हणाला. मिस्त्रींनी बायकोकडे असं बघितलं, जसं त्यांनी उभ्या जन्मात तिच्याकडे बघितलं नव्हतं.

पुढचं सगळं डॉक्टरीणबाईंनी आतल्या खोलीत, दार लावून, हळू आवाजात सांगितलं. ज्यांची ती ग्रंथी आजारानं काढलेली असते त्यांच्या अंगात ही जिवंत लस आवरत नाही. क्वचित का होईना, लसच पसरते, यकृत-मूत्रपिंडं बंद पडतात, आणि तसं झालं तर वाचणं कठीण. त्यामुळं लस नाही म्हणजे नाही.

"मग बिनलशीचा जातो," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही तसं पत्र द्या."

"पत्र देता येतं. काही ठिकाणी ते चालतं, तुम्हाला आतही घेतील. पण डास पत्र वाचत नाहीत, मिस्त्री. तुमच्याच नदीच्या पट्ट्यात यंदा पिवळ्या तापाची माणसं सापडली आहेत, आणि त्यावर औषध नाही. वर मलेरिया झाला, तर त्याच्या काही औषधांनी तुमचा तो पापण्या पडायचा, स्नायूंचा जुना आजार उसळू शकतो. मी तुम्हाला अडवू शकत नाही. पण तुम्ही माझे वडील असता तर मी जाऊ दिलं नसतं."

"आणि ती तुमची आई असती तर?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला आणि दार उघडलं.

बाकी तिघांना लशी टोचल्या. बोक्यानं इस्पितळ डोक्यावर घेतलं. खाली उतरताना दार घासत होतं, पण मिस्त्रींनी कान लावला नाही.

घरी आल्यावर ते बायकोशी बोलेनात. एक दिवस गेला, दोन गेले. ताट पुढ्यात आलं की जेवायचे, उठायचे. शेवटी तीच पुढे येऊन उभी राहिली.

"बोला. शिव्या द्या. पण बोला."

"तुला गप्प बसता आलं नसतं?"

"गप्प बसायला मीच शिकले ना तुमच्याकडून! त्या सुईपर्यंत गप्पच बसले होते मी. पण सुई आत गेली असती आणि तुम्हाला काही झालं असतं, तर तुमच्या आईला काय सांगणार होते? लांबच्या कामावर गेलेत, फोन लागत नाही?"

तिनं रडत रडतच त्यांच्या ताटात भात वाढला आणि त्यांनी तो खाल्ला.

मिस्त्रींचं जाणं रद्द झालं. आता प्रश्न आला आईचा. खरं सांगावं, तर सगळंच सांगावं लागणार : गाठ, ऑपरेशन, इतक्या वर्षांचं खोटं. डोळे गेलेल्या म्हातारीला या वयात हा धक्का द्यायचा? मिस्त्रींनी फोन लावला आणि जित्याची खोड म्हणतात तसं बोलून गेले, "आई, मला सुटीच देत नाहीत गं. हे तिघं येतायत. मी पुढच्या वर्षी नक्की."

आई फक्त म्हणाली, "बरं."

पुढच्या रविवारी ती फोनवर आलीच नाही. धाकटा म्हणाला, "झोपलीय, दादा." त्याच्या पुढच्या रविवारीही झोपलेलीच होती. भरदुपारी कोण झोपतं, हे मिस्त्रींना का कळत नव्हतं?

मग या माणसानं काय करावं? स्वतः जाता येत नाही म्हणून जाणाऱ्यांच्या तयारीत जीव ओतला. मच्छरदाण्या आणल्या त्या औषध लावलेल्या, आणि दिवाणखान्यात टांगून स्वतः आत बसून उजेडाकडे बघत एकेक छिद्र तपासलं. बोकाही आत शिरला. दोघं आत बसले की बायको बाहेरून म्हणायची, "दोन्ही डास आत आणि आम्ही बाहेर!" त्या घरात त्या दिवसांत एवढंच काय ते हसू. एक मच्छरदाणी जास्तीची घेतली होती. ती आईसाठी.

बोक्याची गोळी हा तर मोठाच पेच. कडू गोळी तो थुंकून टाकणार, हे ठरलेलं. मिस्त्री औषधाच्या दुकानदाराकडे जाऊन विचारून आले : कुटून घट्ट गोड दुधातून दिली तर चालेल? चालेल, उलट बरंच. ओकला तर? तासाभराच्या आत ओकला तर पुन्हा द्या. मिस्त्रींनी साध्या बिस्किटाचा चुरा दुधात कालवून रोज सकाळी पोराला चमचा भरवायची सवय लावली, म्हणजे खरी गोळी आली की त्याला वेगळं वाटू नये. "आबांचा चमचा" म्हणून पोरगं आ करून धावत यायचं. लेकीला त्यांनी दहादा बजावलं : आधी पोराला गोळी, मग बाकी जग. तिकडची पोरं बिनगोळीची हिंडतात म्हणून लाजायचं नाही. आपल्यातल्या गोळ्या वाटायच्या नाहीत. अर्ध्या गोळ्यांनी कुणाचंच भलं होत नाही, कुणाला ताप आला तर त्याला उचलून दवाखान्यात न्यायचं. लेक म्हणाली, "बाबा, पाठ झालं." ते म्हणाले, "माझी दोन भावंडं गेलीत तिथं. अजून एकदा म्हण." तिनं पुन्हा म्हणून दाखवलं.

विमानतळावर बोक्यानं विचारलं, "आबा, तुम्ही का नाही येत?" मिस्त्री म्हणाले, "मला टोचलं नाही ना." पोराला ते पटलं. त्यानं आपला दंड दाखवला आणि म्हणाला, "मला टोचलंय. मी जातो."

तिकडे पोचल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी बायकोचा व्हिडिओ फोन आला. तिच्यामागे मातीची भिंत, दोरीवरचे कपडे, कोंबड्यांचा आवाज. आवाज दाबून ती म्हणाली, "गोळ्या चालू आहेत, मच्छरदाण्या बांधल्यात, पोरगं खेळतंय. पण आई बोलत नाहीत हो. बोक्याच्या तोंडावरून हात फिरवला, लेकीच्या फिरवला, माझ्या फिरवला. मग भिंतीकडे तोंड करून बसल्या. काल मला विचारलं, मी त्याला लहानपणी घालवून दिला, त्याचा राग आहे का त्याला? म्हणून नाही ना आला?"

मिस्त्री एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत उभे होते. पान्हा खाली ठेवून ते तसेच जमिनीवर बसले. ज्या आईला लागू नये म्हणून इतकी वर्षं लपवलं, तिला त्यांनी केवढा घोर लावून दिला होता! ती तिकडे काळोखात बसून स्वतःलाच दोष देत होती.

"तिला फोन दे," ते म्हणाले.

सुरकुतलेला एक गाल पडद्यावर आला. फोन कानाला लावायचा नसतो, हे आईला कुणी सांगितलं नव्हतं, की सांगूनही तिनं ऐकलं नव्हतं.

"आई, मी खोटं बोललो. सुटीचं नाही. मला ती लस घेता येत नाही. माझी छाती फाडली होती, आई. गाठ होती आत. लांबच्या कामावर गेलो होतो म्हणालो ना, तेव्हा मी इस्पितळात होतो."

गाल हलला नाही. मग पडदा डोलला, आणि बायकोचा आवाज आला, "आई, असं समोर धरा. ते दाखवतायत." मिस्त्रींनी सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या. कुणाला दाखवायचं, ती तर बघू शकत नाही, हे कळूनही सोडल्या. आई काचेला डोळा लावून बघत राहिली. तिला काय दिसणार? मग तिचं बोट आलं. बायकोनं ते धरून व्रणाच्या जागी ठेवलं आणि वरून खाली नेलं. म्हातारीचं बोट गुळगुळीत काचेवरून फिरलं.

"एवढी?" आई म्हणाली.

"एवढी."

"किती दुखलं असेल रे. आणि जवळ मी नव्हते." ती रडायला लागली, मोठ्यानं, लेकरं रडतात तशी. मिस्त्रीही रडले. इतकी वर्षं जे होऊ नये म्हणून तिघांनी जिवाचं रान केलं, ते अखेर होऊन गेलं, आणि त्यानं कुणी मेलं नाही. उलट आईनं त्या संध्याकाळी पोटभर जेवण केलं, असं बायकोनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यानंतरच्या प्रत्येक दुपारी ती फोन मागून घ्यायची. "जेवलास? छाती दुखते का?" एवढंच विचारायची. एकदा म्हणाली, "येतो म्हणालास ना, तेव्हा तू यावं असं वाटलं होतं. आता नाही वाटत." तिला वाटत होतंच, हे काय मिस्त्रींना कळत नव्हतं?

तिघं सुखरूप परत आली. उरलेल्या गोळ्या मिस्त्रींनी स्वतः समोर बसून घ्यायला लावल्या. कुणाला ताप आला नाही. पुढे कित्येक दिवस बोक्याचं कपाळ जरा कोमट लागलं तरी ते चप्पल घालून दारात उभे राहायचे.

काही महिन्यांनी आई गेली. तापानं नाही, कशानंच नाही. एका सकाळी उठली नाही एवढंच. धाकट्याचा फोन आला तेव्हा मिस्त्री कामावर जायला निघाले होते. त्यांनी ऐकलं आणि सरळ आत जाऊन कपाटावरची बॅग खाली ओढली. सदरे भरायला लागले. बायको मागे उभी होती. यावेळी ती काही बोलली नाही. तिचा थांबा म्हणायचा हक्क त्या एका दिवशी वापरून झाला होता, असं तिला वाटलं असावं.

"थांबवून ठेव," मिस्त्री फोनवर ओरडले. "मी मिळेल त्या विमानानं येतो. मातीला मी पाहिजे. मी थोरला आहे!"

"दादा, ऐक," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता. "मी तुला सांगायचं म्हणून सांगतो. आईनं गावातल्या एकूणएक माणसाला सांगून ठेवलंय. माझ्याकडून, बायकोकडून, शेजाऱ्यांकडूनही वचन घेतलंय. म्हणाली, मी गेले की थोरला येतो म्हणेल. त्याला येऊ देऊ नका. तो यायच्या आत मला उचला."

मिस्त्रींच्या हातात सदरा तसाच राहिला.

"आम्ही कालच उरकलं, दादा. तुला मुद्दाम उशिरा कळवलं. तसंच सांगितलं होतं तिनं."

मिस्त्री बॅगेशेजारी खाली बसले. बायकोही त्यांच्याजवळ बसली. मग ते म्हणाले, "दुसऱ्यांदा घालवलं गं तिनं मला," आणि तिच्या मांडीत तोंड खुपसून रडू लागले.